जुन्या शेडमधल्या चार टाक्या: फोटोवरून घरगुती गॅस, ऑक्सिजन की आणखी काही?

कुपवाडचा_नितीन
नमस्कार मंडळी. मोठ्या भावाने कुपवाड एमआयडीसीत एक बंद पडलेलं फॅब्रिकेशनचं शेड भाड्याने घेतलंय. आधीचा भाडेकरू गाव सोडून गेला, फोन उचलत नाही. कोपऱ्यात चार टाक्या राहिल्यात. भंगारवाला रोज विचारतोय, पण आत काय आहे ते कळल्याशिवाय हात लावू नको म्हणून मी भावाला थांबवलंय. चारही टाक्यांचे फोटो टाकतोय.

फोटो १ : बुटकी, लाल, घरच्या गॅससारखी दिसते.
फोटो २ : माणसाच्या खांद्याएवढी उंच, काळी, वर चाक.
फोटो ३ : दोन नंबरपेक्षा बुटकी आणि जाड, रंग काळपट. संध्याकाळचा फोटो आहे, शेडमध्ये एकच पिवळा दिवा. भाऊ म्हणतो हॉटेलवाली गॅसटाकी असणार.
फोटो ४ : दोन नंबरसारखीच उंच, काळी, पण रंगाचे पोपडे उडालेत आणि खाली करडा रंग दिसतोय.

फोटोवरून ओळखता येईल का?

रामभाऊ_गॅरेज
सोपं आहे. लाल म्हणजे गॅस, काळी म्हणजे ऑक्सिजन, निळी म्हणजे हॉटेलची. दोन आणि चार ऑक्सिजन, एक घरची. तीन नंबर भाऊ म्हणतो तशी कमर्शियल, रंग उडालाय एवढंच. पंधरा वर्षं कटिंग करतोय, रंगावरूनच उचलतो.

दाबमापक
रामभाऊ, तुमच्या शेडमध्ये एकाच सप्लायरच्या टाक्या येतात, तिथे रंगावर भागतं. बेवारशी टाकीला रंग सगळ्यात शेवटी विचारायचा. निळ्याचंच बघा. हॉटेलची १९ किलोची टाकी निळी, आरगॉन निळा, दवाखान्यातला नायट्रस ऑक्साइडही निळा. तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

माझी नोकरी फिलिंग प्लँटमध्ये गेली. आमच्याकडे टाकी आली की आधी व्हॉल्व्ह बघायचा, मग खांद्यावरचं पंचिंग, म्हणजे पोलादावर ठोकून उमटवलेली अक्षरं आणि आकडे, आणि शेवटी रंग. रंग कोणीही दहा मिनिटांत मारतो. पंचिंग खोडायला ग्राइंडर लागतो आणि त्याच्या खुणा राहतात. व्हॉल्व्ह बदलायचा तर टाकी रिकामी करून मोठा पान्हा लावावा लागतो.

नितीन, एक नंबरवर वाद नाही. वर गोल कडं आहे, ते तीन पट्ट्यांवर उभं आहे, मधोमध जोडाची वेल्डिंग फिरलीय आणि व्हॉल्व्हला ना चाक ना बाजूला तोंड. घरगुती टाकीचा व्हॉल्व्ह सरळ आकाशाकडे तोंड करून असतो. आतली पिन स्प्रिंगने वर दाबलेली असते, रेग्युलेटर बसला की ती दबते आणि गॅस सुटतो. म्हणून फिरवायला काही नसतंच. कमी दाबाची टाकी आहे म्हणून हे चालतं. १५० किलो दाबाच्या टाकीला असला व्हॉल्व्ह कोणी लावणार नाही.

आता दोन नंबर बघा. व्हॉल्व्हचं तोंड आडवं, बाजूला. वर चाक. अंगावर जोड कुठेच नाही, कारण ही टाकी अखंड पोलादाची ओढलेली असते. एवढ्यावर मी इतकंच म्हणेन की ही उच्च दाबाची टाकी आहे. ऑक्सिजन म्हणायला खांद्यावरचं पंचिंग पाहिजे. खांद्याचा जवळून फोटो टाका.

सौ_मंजिरी
मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे घरी येणारी टाकी नेहमी कमी भरलेली असते असं वाटतं. टाकीवर काहीतरी १५.९ लिहिलंय, म्हणजे गॅस १५.९ किलो पाहिजे ना? आणि दुसरीकडे डी-२७ लिहिलंय, म्हणजे गॅस २०२७ पर्यंत वापरायचा का?

दाबमापक
मंजिरीताई, १५.९ हे रिकाम्या टाकीचं वजन. प्रत्येक टाकीचं थोडं वेगळं असतं म्हणून ते पट्टीवर लिहिलेलं असतं. त्यात गॅसचे १४.२ मिळवा. काट्यावर ३०.१ किलो भरली पाहिजे. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायलाच हवा, मागून घ्या आणि समोर वजन करा.

डी-२७ ही गॅसची मुदत नाही, टाकीच्या पोलादाच्या चाचणीची आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. २०२७ च्या शेवटच्या तिमाहीत ती टाकी पुन्हा दाबाच्या चाचणीला गेली पाहिजे. हे अक्षर उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला असतं, म्हणून फोटोत बहुतेक वेळा येतच नाही.

नितीन, तुमच्या एक नंबरवर हे शोधा.

कुपवाडचा_नितीन
एक नंबरवर बी-१९ आहे. दोन नंबरच्या खांद्यावर नुसता गंज दिसतो. तारेचा ब्रश मारू का? भाऊ म्हणतो डिझेल लावून पुसलं की अक्षरं चमकतील.

दाबमापक
डिझेल नको! भावाला आत्ताच्या आत्ता फोन करा. ती ऑक्सिजन असेल तर तिच्याजवळ तेल, ग्रीस, डिझेल काहीही जाता कामा नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की ठिणगीचीही गरज लागत नाही. व्हॉल्व्ह उघडतानाच पेट घेतो. तेलकट हातमोजे घालून चाकाला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात.

कोरड्या फडक्याने पुसा. शाळेतला पांढरा खडू घ्या, आडवा धरून खांद्यावर घासा आणि वरवर हाताने पुसा. खडू अक्षरांच्या खाचेत राहतो आणि अक्षरं पांढरी उठतात. मग दिवा समोरून न धरता बाजूने, तिरपा धरा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सावली पडते. फ्लॅश बंद ठेवा, फ्लॅशने सगळं सपाट दिसतं. टाकी आडवी करू नका, जागची हलवू नका. आणि आत काही आहे का बघायला व्हॉल्व्ह किंचित सोडून बघू नका. ऑक्सिजन, नायट्रोजन, आरगॉन यांना वास नाही, वासाने काही कळणार नाही.

अ‍ॅबरडीनकर
इथे ब्रिटनमधून भर घालतो. नेटवरचे रंगांचे तक्ते बघून कोणी ठरवू नका, कारण बरेचसे इकडचे असतात. आमच्याकडे गॅसची ओळख फक्त खांद्याच्या रंगाने. पांढरा खांदा ऑक्सिजन, काळा नायट्रोजन, गडद हिरवा आरगॉन. खालच्या अंगाचा रंग कंपनीच्या मर्जीवर. घरगुती वापरात लाल टाकी प्रोपेन आणि निळी ब्युटेन. अमेरिकेत दवाखान्याचा ऑक्सिजन हिरव्या टाकीत. एका ओळखीच्यांनी भारतातल्या टाकीच्या फोटोवर इकडचा तक्ता लावून काळ्या मानेची करडी टाकी 'ऑक्सिजन नाही' म्हणून बरोबर सांगितली, पण काळी टाकी नायट्रोजन म्हणून चुकवली.

दाबमापक
बरोबर. भारतात अख्खी काळी ती औद्योगिक ऑक्सिजन, काळी पण पांढऱ्या खांद्याची ती वैद्यकीय. करडी आणि मान काळी तो नायट्रोजन. फोटो कुठल्या देशातला आहे हे आधी विचारलंच पाहिजे.

कुपवाडचा_नितीन
खडूने कमाल केली. दोन नंबरवर हे वाचता आलं: O2, मग आय.एस. ७२८५, डब्ल्यू.सी. ४६.७, डब्ल्यू.पी. १५०, टी.पी. २५०, एक लांब क्रमांक, आणि शेवटी ०३ १७. याचा अर्थ सांगा. फोटो ५ बघा.

दाबमापक
छान फोटो. आय.एस. ७२८५ म्हणजे अखंड पोलादी टाकीचं मानक. घरगुती टाकीवर ३१९६ असतं, ती वेल्डिंगची. नुसता हा आकडा वाचता आला तरी अर्धा निकाल लागतो.

डब्ल्यू.सी. म्हणजे टाकीत पाणी भरलं तर किती लिटर मावेल. ४६.७ लिटर आणि भरायचा दाब १५०. दोन्हींचा गुणाकार करा, सात हजार लिटर येतात, म्हणजे ७ घनमीटर. दवाखान्यात जिला जंबो म्हणतात ती हीच. टी.पी. हा चाचणीचा दाब, २५०. घरच्या लाल टाकीवर चाचणीचा दाब २५ च्या आसपास असतो आणि पाणी ३३.३ लिटर. फोटो धूसर असला, एकच आकडा वाचता आला, तर मी टी.पी. शोधतो. २५ की २५०, यातून घरगुती गॅसची जात आणि उच्च दाबाची जात वेगळी होते.

पण २५० वरून ऑक्सिजन सिद्ध होत नाही. नायट्रोजन, आरगॉन, कार्बन डायऑक्साइड यांच्या टाक्यांवरही तोच आकडा असू शकतो. इथे O2 स्पष्ट आहे, रंग काळा आहे, व्हॉल्व्ह जुळतोय. तिन्ही एकच सांगतात म्हणून ऑक्सिजन म्हणू. ०३ १७ ही मार्च २०१७ ची चाचणी. ऑक्सिजनच्या टाकीची चाचणी दर पाच वर्षांनी होते, म्हणजे ही मुदत उलटलेली आहे. कोणी भरून देऊ नये.

रामभाऊ_गॅरेज
आट्यावरून पण कळतं की. उजवा आटा ऑक्सिजन, डावा आटा जळणारा गॅस. नितीनने व्हॉल्व्हच्या तोंडाचा फोटो टाकला की मी सांगतो.

दाबमापक
रामभाऊ, तत्त्व अगदी बरोबर. जळणाऱ्या गॅसला डावा आटा, म्हणजे चुकून ऑक्सिजनचा रेग्युलेटर तिथे चढूच नये. पण उजवा आटा म्हणजे ऑक्सिजनच, असं उलट वाचू नका. नायट्रोजनला उजवा, आरगॉनलाही उजवा.

आणि फोटोत आटा बघताना दोनदा विचार करा. बाहेरून कापलेला आटा तोंड वर करून बघितला आणि रेषा डावीकडून उजवीकडे चढत गेल्या तर उजवा. पण पुष्कळ व्हॉल्व्हना आटा आतून असतो. तोंडात डोकावलं की समोरची आतली भिंत दिसते आणि तिथे तिरपेपणा उलटा दिसतो. त्यात सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढला तर सगळं चित्रच उलटतं. चित्रात कुठेतरी अक्षर शोधून ते सरळ वाचता येतंय का ते बघायचं, मगच आट्याबद्दल बोलायचं. त्यापेक्षा सोपी खूण रेग्युलेटरच्या नटावर असते. डाव्या आट्याच्या षटकोनी नटाच्या कडांवर मधोमध खाच मारलेली असते. जुना रेग्युलेटर तसाच लागलेला असेल तर ती खाच लांबूनही दिसते.

ऋता_दे
आमचा अनुभव लिहिते. २०२१ मध्ये सासूबाईंसाठी घरी ऑक्सिजनची छोटी टाकी आणली. हातात रेग्युलेटर होता, पण तो या टाकीला बसेना. टाकीच्या व्हॉल्व्हला आटाच नव्हता, एक भोक आणि त्याखाली आणखी दोन बारीक भोकं. आणून देणारा माणूस म्हणाला, दुसऱ्या मापाची क्लॅम्प आहे माझ्याकडे, तिच्यातली एक पिन काढतो, मग बसेल. शेजारच्या डॉक्टरबाईंनी त्याला थांबवलं. त्याचं नेमकं कारण मला कधीच नीट समजलं नाही.

दाबमापक
डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांगा. ती दोन बारीक भोकं म्हणजे कुलूप आहे. दवाखान्याच्या छोट्या टाक्यांना प्रत्येक गॅससाठी भोकांच्या जागा ठरलेल्या असतात. ऑक्सिजनला २ आणि ५, नायट्रस ऑक्साइडला ३ आणि ५, हवेला १ आणि ५. क्लॅम्पवरच्या पिना त्याच जागी असतील तरच बसते. त्या माणसाची क्लॅम्प बसली नाही, याचा अर्थ ती दुसऱ्या गॅसची असण्याची दाट शक्यता होती. पिन काढली असती तर कुठलीही टाकी कुठल्याही यंत्राला लागली असती. फोटोवरून ओळखायच्या बाबतीत मला यापेक्षा चांगली खूण माहीत नाही. रंग धुळीने झाकतो, ही भोकं झाकत नाहीत.

कुपवाडचा_नितीन
तीन नंबर आज दिवसाच्या उजेडात काढली. फोटो ६. काळपट नाही, चॉकलेटी लाल आहे! वर कडं नाही. व्हॉल्व्हचं तोंड बाजूला, आणि चाक नाही, वर चौकोनी दांडा आहे. खांद्यावर दोन पितळी बोल्टासारखं काहीतरी. खडू फिरवला तर C2H2 दिसतंय. आणि ही टाकी आडवी पडली होती, मागच्या आठवड्यात मी आणि भावाने तिला उभी केली.

दाबमापक
म्हणजे हॉटेलची टाकी नाही. ही अ‍ॅसिटिलीन, शेडमध्ये जिला डीए म्हणतात ती. मरून रंग, चावीने फिरवायचा चौकोनी दांडा आणि पंचिंग, तिन्ही जुळतात. पिवळ्या दिव्याखाली मरून रंग काळा दिसतो, म्हणून तुमचा पहिला फोटो फसवा होता.

खांद्यावरचे पितळी बोल्ट काढायला जाऊ नका. ते वितळणारे प्लग आहेत. टाकी तापून शंभर अंशांच्या आसपास गेली की ते वितळून गॅसला वाट देतात, टाकी फुटत नाही. या टाकीत नुसता गॅस नसतो. आत सच्छिद्र भराव असतो, त्यात अ‍ॅसिटोन मुरलेलं आणि त्यात गॅस विरघळलेला. म्हणून ही टाकी आडवी ठेवायची नसते. आडवी असताना उघडली तर गॅसबरोबर अ‍ॅसिटोन बाहेर येतं आणि आतला गॅस असुरक्षित होतो. उभी केलीत ते चांगलं केलंत. आता साखळीने भिंतीला बांधा आणि ऑक्सिजनपासून लांब सरकवायला सप्लायरच्या माणसाला सांगा.

रामभाऊ_गॅरेज
डीए ओळखायला माझी चूक झाली असं म्हणणार नाही, फोटो काळा होता. पण एक सांगतो, हल्ली आमच्याकडे कटिंगला डीए कमीच, ऑक्सिजनबरोबर हॉटेलची एलपीजी वापरतात. म्हणून शेडमध्ये निळी दिसली की एलपीजी समजायची हे धरून चालतो आम्ही.

दाबमापक
निळीच्या डोक्यावर कडं आहे का बघा, आणि अंगावर वेल्डिंगचा जोड आहे का. असेल तर एलपीजी. उंच, अखंड, बाजूला तोंड आणि निळी, तर शेडमध्ये बहुधा आरगॉन. टिग वेल्डिंगच्या शेडमध्ये दोन्ही शेजारी उभ्या असतात. आणि नितीनच्या एक नंबरची लाल घरगुती टाकी शेडमध्ये होती तेच मुळात नियमाबाहेर आहे, ती धंद्याला वापरता येत नाही. चाचणीही २०१९ पासून थकलेली. जवळच्या वितरकाकडे द्या. गळती वाटली तर १९०६ वर फोन करा.

कुपवाडचा_नितीन
आता चार नंबर. वरून काळा रंग, खाली करडा. मानेजवळ आणखी एक काळा थर. रंगाने हाताने लिहिलेलं O2 आहे. खडूने पंचिंग वाचलं तर टी.पी. २५०, डब्ल्यू.पी. १५०, पण गॅसच्या नावाच्या जागी ग्राइंडर मारल्यासारखं चकचकीत आहे.

अ‍ॅबरडीनकर
करडा आणि काळी मान म्हणजे मुळात नायट्रोजन. २०२१ च्या लाटेत नायट्रोजन-आरगॉनच्या टाक्या ऑक्सिजनसाठी वळवायला परवानगी दिली होती ना? त्यातली असेल.

दाबमापक
असू शकते. तेव्हा आम्ही अशा टाक्या आतून साफ करून, व्हॉल्व्ह तपासून, रंग बदलून भरल्या. पण त्याला पद्धत होती आणि नोंद होती. इथे ग्राइंडर कोणी मारला? रीतसर बदललेली टाकी असेल तर नवा ठसा हवा होता. चोरीची टाकी असेल तर मालकाचं नाव घासून काढलेलं असतं, आणि तेही खांद्यावरच असतं. दोन्ही शक्यता फोटोत सारख्याच दिसतात.

आत नायट्रोजन असेल आणि कोणी ऑक्सिजन म्हणून रुग्णाला लावला तर रुग्ण गुदमरून जाईल. आत ऑक्सिजन असेल आणि कोणी नायट्रोजन समजून तेलकट पाइपलाइन तपासायला लावली तर आग लागेल. म्हणून या टाकीला मी फोटोवरून नाव देणार नाही.

रामभाऊ_गॅरेज
आटा उजवा असेल तर निदान जळणारा गॅस नाही एवढं तरी म्हणा.

दाबमापक
व्हॉल्व्ह मूळचाच आहे असं गृहीत धरलं तर. जिथे ठसा घासलाय तिथे व्हॉल्व्ह बदलला नसेल असं मी धरत नाही.

ऋता_दे
मग नितीनने ती द्यायची कुणाला? भंगारवाला तर कापून टाकेल.

दाबमापक
भंगारवाल्याला एकही द्यायची नाही. भरलेली टाकी गॅस कटरने कापताना माणसं गेलेली आहेत. खांद्यावरचा लांब क्रमांक आणि बनवणाऱ्याचं चिन्ह शाबूत असेल तर त्या क्रमांकावरून टाकीचा मालक सापडू शकतो. सांगली-मिरजेतल्या गॅस भरणाऱ्या प्लँटला तो क्रमांक कळवा. या सगळ्या टाक्यांचे परवाने देणारी सरकारी संस्था म्हणजे पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, त्यांनाही फोटो आणि क्रमांक लेखी कळवता येतो.

कुपवाडचा_नितीन
क्रमांक आहे, पण मधले दोन आकडे घासल्यात गेलेत. दोन आणि तीन नंबर मिरजेच्या सप्लायरने क्रमांकावरून आपल्या नाहीत म्हणून सांगितलं, पण तपासायला माणूस पाठवतो म्हणाला. एक नंबर वितरकाने नेली. चार नंबरला भावाने साखळी लावलीय आणि वर पाटी लावलीय, 'आत काय ते माहीत नाही, हात लावू नये'. मधल्या दोन आकड्यांसाठी खडूऐवजी आणखी काही युक्ती आहे का?

दाबमापक
पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासून ठसा घेऊन बघा, कधी कधी घासलेल्या जागीही खोलगट भाग उमटतो. कागदाचा फोटो इथे टाका. ज्या प्लँटला विचाराल त्यांनाही आधीचे आणि नंतरचे आकडे द्या, त्यांच्या रजिस्टरमध्ये त्या मालिकेच्या टाक्या सलग असतील तर मधले आकडे तिथूनच लागतील.